ओठ मिटून एकदा ‘म्’ म्हण

मनू, काल रात्री तुझा फोन आला तेव्हा तू इतकी घाबरली होतीस की तुला धीर देण्यातच सगळा वेळ गेला. म्हणून आज सावकाश लिहिते आहे. ताप उतरून चार दिवस झाले आणि काल सकाळपासून तुझ्या डाव्या कानात शिट्टी वाजते आहे, कान भरल्यासारखा वाटतो, लोकांचं बोलणं लांबून आल्यासारखं ऐकू येतं. काकी म्हणाली, सर्दीने दडे बसलेत, लसणीचं तेल कोमट करून घाल. तुझ्या शेजारणीने सांगितलं की कोविडनंतर तिच्या भावाचा कान कायमचा गेला. या दोन्ही गोष्टी डोक्यात घेऊन तू मला विचारलंस, “ताई, आठवडाभर वाट बघू का?”

तेल घालू नकोस, हे आधी सांगते. पडद्याला भोक पडलेलं असेल तर ते तेल आत जाईल, आणि तसं नसलं तरी पडद्यापलीकडे ते पोचतच नाही. वाट बघायची की नाही, याचं उत्तर मात्र बिघाड कानाच्या कुठल्या भागात आहे त्यावर ठरतं. गेली अठरा वर्षं मी कानांच्या तपासण्या करते आहे. तापानंतर आलेला माणूस जे शब्द वापरतो ते जवळपास सारखेच असतात: भरल्यासारखं वाटतं, गुंई आवाज येतो, कमी ऐकू येतं. पण या एकाच तक्रारीमागे दोन अगदी वेगळे आजार असतात. एकात थांबलं तर चालतं. दुसऱ्यात एकेक दिवस मोलाचा असतो.

पहिला आजार पडद्यामागचा. कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते आणि तिथून एक नळी नाकाच्या मागच्या बाजूला उघडते. आपण गिळतो, जांभई देतो, तेव्हा ती नळी क्षणभर उघडून आतली हवा बदलते. फ्लू किंवा कोविडमध्ये नाक सुजतं तशी ही नळीही सुजते. मग आतली हवा शोषली जाते, पडदा आत ओढला जातो आणि पोकळीत पाणी साचतं. आवाज पडद्यावर येतो, पण पाण्यामुळे पुढे नीट जात नाही. दडे बसतात ते हे.

दुसरा आजार त्याच्याही आतला, शंखासारख्या वेटोळ्या कानातला. आपल्याकडे लोक म्हणतात “कानाची नस गेली”, ते याला. त्या शंखात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजाची थरथर त्या पकडतात आणि नसेला देतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शंखाला रक्त पुरवणारी धमनीही एकच, बारीक. ती अडली तर दुसरा रस्ता नाही. विषाणूमुळे तिथे सूज येते, की त्या धमनीत अडथळा येतो, की शरीराची प्रतिकारशक्तीच तिथे हल्ला करते, हे एकेका रुग्णात सहसा सांगता येत नाही. पण सुजलेली, दमलेली पेशी आणि मेलेली पेशी यांत फरक आहे. पहिली परत कामाला लागू शकते. म्हणूनच सुरुवातीचे दिवस मोलाचे.

आता हे वाचता वाचताच एक कर. ओठ मिट आणि लांब “म्...” म्हण, देवळातल्या घंटेचा नाद उरतो तसा. तो आवाज कुठल्या कानात जास्त घुमतो ते बघ. आता उजवा, म्हणजे चांगला कान बोटाने बंद कर आणि पुन्हा “म्” म्हण. आवाज लगेच त्या बंद कानाकडे सरकतो ना? कानाची वाट अडली की हाडातून येणारा आवाज त्याच कानात मोठा होतो. पाणी साचलेल्या कानाचं हेच होतं. म्हणून बोट न घालताही तुझा “म्” दुखऱ्या, डाव्या कानात घुमत असेल तर बिघाड बहुधा पडद्यामागचा. पण तो उलट उजव्या, चांगल्या कानाकडे पळत असेल तर डाव्या कानाची नस आवाज कमी पकडते आहे असा संशय घ्यायचा. डॉक्टर कपाळावर ट्यूनिंग फोर्क ठेवतात ते नेमकं हेच पाहायला.

ही घरगुती तपासणी निदान करत नाही. फक्त किती घाई करायची ते सांगते. “म्” मधोमध ऐकू आला किंवा तुला काहीच ठरवता आलं नाही, तर नसेचाच बिघाड आहे असं धरून चाल. चूक झाली तर एक तपासणी फुकट जाईल. उलट चूक झाली तर कान जाईल.

या दोन आजारांतला पहिला मी स्वतः भोगला आहे. २०२२च्या जानेवारीत मला कोविड झाला. सातव्या दिवशी उजवा कान बंद झाला, स्वतःचंच बोलणं पिंपात बोलल्यासारखं घुमू लागलं, मान वळवली की आत काहीतरी हलल्यासारखं वाटायचं. “म्” उजवीकडेच घुमत होता. दवाखान्यात मैत्रिणीकडून तपासून घेतलं. इम्पिडन्स टेस्टमध्ये कानात हवेचा दाब बदलत पडदा किती हलतो ते कागदावर उमटतं. चांगल्या पडद्याचा आलेख डोंगरासारखा येतो. माझ्या उजव्या कानाची रेघ सपाट होती, म्हणजे मागे पाणी. नस उत्तम होती. मी वाफ घेतली, नाक जोरात शिंकरणं बंद केलं, कान फुगवायला नाक दाबून जोर लावला नाही. नाक मोकळं करणारे थेंब तीन दिवस घातले आणि थांबवले, कारण ते जास्त दिवस घातले की नाक उलट जास्तच चोंदतं. पाचव्या आठवड्यात एका जांभईबरोबर कान टक्कन उघडला आणि गुंई आवाजही त्याच दिवशी गेला. असं पाणी बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. तीन महिने उलटूनही राहिलं, कान ठणकायला लागला किंवा वाहू लागला, तर मात्र डॉक्टरांनी बघायलाच हवं.

दुसऱ्या आजाराची गोष्ट एका शिक्षिकेची. वय ३८, फ्लूमधून उठलेली. एका सकाळी अलार्म वाजला तो तिला ऐकूच आला नाही, कारण ती डाव्या कुशीवर झोपली होती आणि वर राहिलेला उजवा कान रात्रीतून गेला होता. फोन उजव्या कानाला लावला तर नवऱ्याचा आवाज फाटक्या स्पीकरमधून आल्यासारखा. तिने मळ समजून मेडिकलमधून थेंब आणले, तीन दिवस घातले. मग कुणीतरी सांगितलं, सर्दी आहे, उतरेल. पाचव्या दिवशी ती माझ्यासमोर बसली. पडदा स्वच्छ, मळ नाही, इम्पिडन्सचा डोंगर सुरेख. पडद्यामागे सगळं ठीक, तरी ऐकू येत नाही. याच क्षणी माझ्या पोटात गोळा येतो.

बंद खोलीत हेडफोन लावून आम्ही ‘पीटीए’ करतो. जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत एकेक सूर कितीपर्यंत हळू केला तरी ऐकू येतो ते मोजतो. साधारण २० ते २५ डेसिबलच्या आत ऐकू आलं तर कान चांगला. तिचा डावा कान १५ च्या आत होता. उजवा ५०० हर्ट्झला ५५, १००० आणि २००० ला ६०, ४००० ला ६५. हेडफोनमधून शब्द म्हणून दाखवले तर शंभरात ४० बरोबर. तीन दिवसांच्या आत, ओळीच्या तीन सुरांमध्ये ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त घट आणि ती नसेची, असं असलं की त्याला अचानक आलेला नसेचा बहिरेपणा म्हणतात आणि ती तातडीची बाब मानतात. मी तिला त्याच दुपारी ईएनटी डॉक्टरांकडे पाठवलं.

त्यांनी प्रेडनिसोलोन सुरू केलं. हे स्टेरॉइड वजनाच्या दर किलोमागे एक मिलिग्रॅम, पण दिवसाला ६० पेक्षा जास्त नाही, अशा मात्रेत देतात. दहा ते चौदा दिवस पूर्ण मात्रा आणि मग हळूहळू उतरवत आणतात. तिचं वजन ६२ किलो, म्हणून ६० मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर. ती घाबरली. साहजिक आहे. २०२१ मध्ये आपल्याकडे कोविडनंतरच्या काळ्या बुरशीने किती घरं हादरली आणि त्यात मधुमेह आणि स्टेरॉइड ही जोडी किती वाईट ठरली, ते आपण पाहिलं आहे. म्हणून डॉक्टरांनी आधी तिची साखर आणि रक्तदाब पाहिला, उपचार चालू असतानाही साखर मोजत राहिले. साखर हाताबाहेर असेल तर तेच औषध पडद्यातून बारीक सुईने थेट आतल्या पोकळीत देता येतं. मग शरीरभर फारसं पसरत नाही. भीतीचं उत्तर देखरेख हे आहे. औषध टाळणं नाही, आणि मेडिकलमधून स्वतःच आणून घेणं तर मुळीच नाही.

दोन आठवड्यांनी पुन्हा मोजलं. ५०० ला ३०, १००० ला ३५, २००० ला ४५, पण ४००० ला ६० वरच अडलेलं. मग डॉक्टरांनी आठवड्याच्या अंतराने तीन इंजेक्शनं पडद्यातून दिली. ही दुसरी फेरी साधारण दोन ते सहा आठवड्यांच्या आत द्यायची असते. दोन महिन्यांनी आकडे आले २०, २५, ३५ आणि ५५; शब्द शंभरात ८४. नसेवर गाठ नाही ना हे पाहायला एमआरआय केला, तो स्वच्छ निघाला. हा एमआरआय टाळायचा नसतो, कारण अचानक गेलेल्या कानांपैकी थोड्यांमागे अशी साधी, कर्करोग नसलेली गाठ निघते. सहा महिन्यांनी आकडे जवळपास तेच राहिले. वर्गात आता तिला मागच्या बाकावरचं सगळं कळतं. गोंगाटात ‘स’ आणि ‘श’ तेवढे निसटतात.

हा कान औषधाने परतला की आपोआप, हे मला ठामपणे सांगता येत नाही. कारण औषध न घेताही, वेगवेगळ्या पाहण्यांनुसार, सुमारे एक तृतीयांश ते दोन तृतीयांश लोकांचं ऐकणं काही प्रमाणात परत येतं, आणि तेही बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत. स्टेरॉइडचा फायदा खणखणीत सिद्ध झालेला नाही. पण द्यायचं असेल तर पहिल्या दोन आठवड्यांत द्यावं आणि जितकं लवकर तितकं बरं, यावर जगभरचे डॉक्टर साधारण एकमताचे आहेत. जर्मनीत काही वर्षांपूर्वी मोठा प्रयोग झाला. नेहमीच्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त स्टेरॉइड देऊन पाहिलं, तर ऐकणं जास्त सुधारलं नाही, उलट त्रास वाढले. म्हणजे महाग, मोठा उपचार शोधत फिरू नये. लवकर पोचावं, एवढंच आपल्या हातात.

कुणाचं परत येईल याचे काही संकेत असतात. घट थोडी असेल तर आशा जास्त. जाड सूर गेले आणि बारीक राहिले तर आशा जास्त. कान जाताना सोबत गरगरून चक्कर आली, किंवा घट अतिशय खोल असेल, तर आशा कमी. वय वाढलेलं असलं तरी कमी. जे यायचं असतं त्यातलं बरंचसं पहिल्या काही आठवड्यांत येतं, सहा महिन्यांनंतर आकडे सहसा हलत नाहीत. म्हणून शेवटची तपासणी सहा महिन्यांच्या सुमारास करतात. जे उरलं ते उरलं असं धरून मग श्रवणयंत्राचा विचार करायचा.

आता त्या शिट्टीबद्दल, मनू, कारण तुझी झोप तिनेच उडवली आहे. ती बाहेरून येत नाही आणि तुझं डोकंही बिघडलेलं नाही. कानाकडून येणारा आवाज कमी झाला की मेंदू आपला ध्वनी वाढवतो, रेडिओवर स्टेशन लागेना तेव्हा आपण आवाज मोठा करतो तसा, आणि मग आतली खरखर ऐकू येऊ लागते. शांततेत ती मोठी वाटते, म्हणूनच रात्री जास्त छळते. पाणी ओसरलं किंवा नस सुधारली तर ती बहुधा आपोआप विरते. तपासणीत ऐकणं पूर्ण चांगलं निघालं आणि तरी शिट्टी राहिली, असंही होतं. तेव्हाही पहिल्या काही महिन्यांत ती कमी होण्याची चांगली शक्यता असते. सहा महिन्यांहून जास्त टिकली तर तिला चिवट म्हणायचं. पण तेव्हाही घड्याळाच्या टिकटिकीसारखी ती मेंदूला सरावाची होते. असूनही जाणवत नाही. त्या शिक्षिकेची शिट्टी आजही आहे. परवा मी विचारलं तर म्हणाली, “तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता ऐकू आली.”

आज रात्री खोली एकदम निःशब्द ठेवू नकोस. पंखा चालू राहू दे, किंवा मोबाइलवर पावसाचा आवाज शिट्टीपेक्षा थोडा खालच्या पट्टीत लाव. शिट्टी बुडवायची नाही, तिच्या शेजारी दुसरं काही ऐकू द्यायचं. कानात इअरफोन घालून मोठ्याने गाणी लावू नकोस आणि कापसाचे बोळे घालून कान बंदही करू नकोस. दर तासाला “अजून आहे का” म्हणून कान देऊन बघणं सोड. लक्ष दिलं की मेंदू तिला महत्त्वाची मानतो. त्रास लांबलाच तर विचारांची पद्धत बदलायला शिकवणारं समुपदेशन असतं, सीबीटी म्हणतात. शिट्टीचा त्रास कमी करण्यात सगळ्यांत भक्कम पुरावा त्याचाच आहे. जिंको, झिंक, मेलॅटोनिनच्या गोळ्यांवर पैसे घालवू नकोस. त्यांनी शिट्टी जात नाही. बी-१२ तपासणीत कमी निघालं तरच घे. तापासाठी पॅरासिटामॉल चालेल, पण ॲस्पिरिन जास्त घेतलं की कानात आवाज येतो. काकांना हृदयासाठी रोजची छोटी गोळी आहे, ती मात्र कुणी बंद करू नये.

शेजारणीच्या भावाचं खोटं नसेल. २०२० मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी ४५ वर्षांच्या एका रुग्णाची हकीकत छापली होती. कोविडमुळे अतिदक्षता विभागात राहून बाहेर आल्यावर त्याचा एक कान अचानक गेला आणि स्टेरॉइडनंतर थोडाच परतला. २०२१ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी दाखवलं की हा विषाणू माणसाच्या आतल्या कानाच्या पेशींमध्ये शिरू शकतो. म्हणजे हे घडू शकतं. पण किती वेळा? साथीच्या सुरुवातीच्या पाहण्या एकत्र केल्या तेव्हा कोविडनंतर शंभरातल्या सुमारे पंधरा जणांनी कानात आवाज येतो असं सांगितलं होतं. आकडा मोठा वाटतो. मात्र मोठ्या माणसांमध्ये एरवीही शंभरातल्या दहा ते पंधरा जणांना असा आवाज असतो, आणि त्या पाहण्यांमध्ये बहुतेकांचे कान मोजलेच नव्हते, फक्त विचारलं होतं. म्हणून “कोविडने कान जातात” असं सरसकट म्हणता येत नाही. तुला कोविड होता की फ्लू, हेही आता शोधत बसू नकोस. कानाच्या उपचारात त्याने फरक पडत नाही.

तर आता उद्याचं ठरवू. सकाळी ईएनटी डॉक्टरांकडे जा. जाताना तारीख लिहून ने: ताप कधी आला, कान कधी गेला, कुठल्या गोळ्या घेतल्या. पडदा बघून “सर्दीचं आहे” म्हणाले तर नम्रपणे, पण ठामपणे सांग, “डॉक्टर, मला पीटीए आणि इम्पिडन्स दोन्ही आजच करून द्या.” तिथे सोय नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजात जा, मुंबईत असशील तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथेही हे काम होतं. गरगरून चक्कर येऊ लागली तर सकाळची वाट बघू नकोस. तोंड वाकडं झालं, हात किंवा पाय लुळा पडला, बोलताना जीभ अडखळली, तर मग तो कानाचा विषय नाही. सरळ मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

काल सकाळी सुरू झालं, म्हणजे आज तुझा दुसरा दिवस. ती शिक्षिका पाचव्या दिवशी आली होती. तुझ्या हातात तिच्यापेक्षा तीन दिवस जास्त आहेत, ते तेलात आणि वाट बघण्यात घालवू नकोस.

रिपोर्ट हातात आला की लगेच फोटो पाठव. उजव्या कानाचे लाल गोल असतात, डाव्याच्या निळ्या फुल्या. गोल आणि फुल्या शेजारी शेजारी वर असल्या तर पंखा लावून निवांत झोप. फुल्या खाली उतरलेल्या दिसल्या तर मी रजा टाकून येते, डॉक्टरांसमोर दोघी बसू. पण आधी ओठ मिट, एकदा “म्” म्हण, आणि कुठे घुमला ते मला आत्ताच कळव.

तुझी,
ताई